बायोत टूल्सची यादी कधी द्यावी आणि सोडवलेले प्रश्न कधी सांगावेत

पुण्यात पाच-सात वर्षं बॅकएंडचं काम केलेल्या कुणाचंही लिंक्डइन उघडा, नावाखाली बहुतेक वेळा अशी ओळ सापडते:

```
Backend Developer | Java | Spring Boot | Microservices | Kafka | Redis |
PostgreSQL | MongoDB | Docker | Kubernetes | AWS | Jenkins | Git | JIRA
```

या ओळीचा एक फायदा नक्की होतो: रिक्रूटरच्या सर्चमध्ये हे प्रोफाइल वर येतं. पण प्रोफाइल उघडल्यावर ज्या इंजिनिअरिंग मॅनेजरला निर्णय घ्यायचा असतो, त्याच्या हाती काही लागत नाही. असं वर्णन लागू पडेल अशी शेकडो माणसं त्याच शहरात असतात. एकच बायो दोन वेगळ्या माणसांसमोर जाते. एक शब्द शोधत असतो आणि दुसरा माणूस शोधत असतो. टूल्स लिहायची की प्रश्न, हा निर्णय इथूनच सुरू होतो.

पुढचं सगळं एका उदाहरणावर बेतलं आहे. एक बॅकएंड डेव्हलपर घ्या. तिची कंपनी लहान दुकानदारांसाठी यूपीआय आणि कार्डाने पैसे स्वीकारते आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानदाराच्या बँक खात्यात जमा करते. वरची ओळ तिचीच समजा. तिला आता एखाद्या प्रॉडक्ट कंपनीत पेमेंटच्याच क्षेत्रात वरची जागा हवी आहे.

आधी वाचणारा ठरवा

कागदावर एकच वाक्य लिहा: ही बायो कोण वाचणार आहे आणि वाचून झाल्यावर त्याने काय करायचं आहे? "सगळे वाचणार" हे उत्तर चालणार नाही. लिंक्डइनची हेडलाइन, गिटहबवरची बायो, एखाद्या मीटअपसाठी मागवलेला वक्त्याचा परिचय आणि फ्रीलान्स कामासाठीचं प्रोफाइल, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा मजकूर दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

वाचणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिला शब्दाने शोधतो. रिक्रूटरकडे हायरिंग मॅनेजरने दिलेली जॉब डिस्क्रिप्शन असते. तो सर्चच्या चौकटीत साधारण असं काहीतरी टाकतो:

```
("Spring Boot" OR Java) AND Kafka AND payments
```

तुमच्या प्रोफाइलमध्ये हे शब्द नसतील तर तुम्ही कितीही मोठा प्रश्न सोडवलेला असो, यादीत येणार नाही. या वाचकासाठी टूलचं नाव लागतंच, आणि ते लोक ज्या रूपात टाइप करतात त्याच रूपात लागतं. `K8s` लिहिलं आणि समोरच्याने `Kubernetes` शोधलं तर जुळेलच याची खात्री नाही. गो भाषेत काम करणारे `Go` लिहून थांबतात, पण तो इंग्रजीतला रोजचा शब्द असल्यामुळे शोधणारे सहसा `Golang` टाकतात. म्हणून पूर्ण, रूढ नाव एकदा तरी येऊ द्या.

दुसऱ्याला टूल कळतं, पण तो त्यावरून निवड करत नाही. हा टीम लीड किंवा इंजिनिअरिंग मॅनेजर. जावा येणारा माणूस कॉटलिन शिकू शकतो हे त्याला माहीत असतं. त्याला पाहायचं असतं की पैशांच्या व्यवहारात काय काय बिघडू शकतं, याची जाण या व्यक्तीला आहे का.

तिसऱ्याला टूलचं नावही माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार "पॅकहाउसमधून किती पेट्या निघाल्या आणि कंटेनरमध्ये किती चढल्या, याचा मेळ बसत नाही" म्हणून फ्रीलान्सर शोधतो. त्याच्यासमोर रिअ‍ॅक्ट आणि नोडजेएसची यादी ठेवली तर तो पुढच्या प्रोफाइलवर जाईल. या वाचकासाठी टूल्स जवळजवळ पूर्ण काढा. फार तर शेवटी एक ओळ पुरे, कारण पुढे दुसऱ्या कुणाला ते काम सांभाळावं लागलं तर ती उपयोगी पडते.

दोन कच्च्या याद्या

आता डावीकडे टूल्स लिहा, उजवीकडे प्रश्न. दोन्ही लिहिताना एकेक कठोर चाळणी लावा.

टूल्ससाठीची चाळणी अशी: रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमध्ये हे बिघडलं आणि तुम्हाला फोन आला, तर तुम्ही स्वतः शोध घेऊ शकाल का? आमच्या डेव्हलपरने ही चाळणी लावली तेव्हा तेरा नावांच्या ओळीतून निम्मी गळाली. कुबरनेटीसवर तिचं सॉफ्टवेअर चालतं खरं, पण क्लस्टर दुसरी टीम सांभाळते. ती फक्त वायएएमएल फाइल बदलते. मोंगोडीबी एका जुन्या प्रोजेक्टमध्ये सहा महिने वापरला होता. गिट आणि जिरा तर लिहूच नयेत. गेली कित्येक वर्षं ते प्रत्येकाकडे असतात, आणि ज्याला लिहायला दुसरं काही नाही तोच ते लिहितो, असा वाचणाऱ्याचा समज होतो. हा समज कधी अन्यायकारक असेल, पण तो होतो.

प्रश्नांची यादी बनवणं जास्त अवघड जातं, कारण आपण काय केलं ते आपल्याला कामाच्या नावाने आठवतं: "सेटलमेंट मॉड्यूल केलं", "वेबहुक सर्व्हिस लिहिली". हे प्रश्न नव्हेत, ही तिकिटांची नावं आहेत. प्रश्न बाहेर काढायचा तर तीन गोष्टी लिहा: आधी कुणाला काय त्रास होत होता, तो का होत होता, आणि आता काय वेगळं घडतं. तिने लिहिलेल्या दोन नोंदी जरा जवळून पाहू.

पहिली नोंद वेबहुकची. ग्राहकाने पैसे दिले की पेमेंट गेटवे आपल्या सर्व्हरला "पैसे मिळाले" अशी सूचना पाठवतो. आपल्याकडून वेळेत पोचपावती गेली नाही तर तो तीच सूचना पुन्हा पाठवतो. तशी त्याची रीतच आहे, त्यात बिघाड काही नाही. पण जुन्या कोडमध्ये दुसरी सूचना नवा व्यवहार म्हणून नोंदली जायची आणि दुकानदाराच्या खात्यात एकाच विक्रीचे पैसे दोनदा दिसायचे. तिने गेटवेच्या पेमेंट आयडीवर युनिक बंधन घातलं आणि नोंद करताना `ON CONFLICT DO NOTHING` वापरलं. सूचना दोनदा आली तरी नोंद एकदाच.

दुसरी नोंद ताळमेळाची. बँकेकडून रोज सेटलमेंट फाइल येते. त्यातल्या यूपीआय व्यवहारांना बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. लेखा विभागातले लोक ती फाइल आणि आपली खतावणी एक्सेलमध्ये शेजारी ठेवून ताळत बसायचे. तिने हे जुळवणं आपोआप होईल अशी व्यवस्था केली. आता फक्त न जुळणाऱ्या ओळी माणसासमोर येतात. त्यासाठी एकाच ऑर्डरच्या घटना (पैसे आले, परत गेले, रद्द झाले) घडल्या त्याच क्रमाने पोचणं गरजेचं होतं. काफ्का क्रमाची हमी फक्त एका पार्टिशनपुरती देतो, म्हणून तिने ऑर्डरचा आयडीच मेसेजची की म्हणून वापरला, जेणेकरून एका ऑर्डरच्या सगळ्या घटना एकाच पार्टिशनमध्ये पडतील.

कुठलं टूल कुठल्या प्रश्नाला चिकटलं आहे

आता दोन याद्यांमध्ये रेघा ओढा. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं सगळ्यात कामाचं पाऊल हेच, आणि नेमकं हेच लोक टाळतात.

प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारा: वाक्यातलं टूलचं नाव बदलून दुसरं टाकलं तर वाक्य तितकंच खरं राहतं का?

वेबहुकच्या नोंदीत पोस्टग्रेसच्या जागी मायएसक्यूएल टाकून बघा. तिथेही युनिक बंधन घालता येतं, `INSERT IGNORE` आहे. वाक्याला काही धक्का लागत नाही. म्हणजे या वाक्यात डेटाबेसचं नाव पाहुणं आहे. इथे सांगायची गोष्ट "सूचना दोनदा आली तरी पैसे एकदाच जमा" एवढीच. टूलचं नाव काढून टाका.

ताळमेळाच्या नोंदीत मात्र काफ्काचं नाव काढलं तर गोष्ट अर्धी होते. क्रमाची अडचण त्याच्या पार्टिशनच्या रचनेतून आलेली आहे आणि उत्तरही तिथलंच. वाचणारा मॅनेजर काफ्का वापरत असेल तर या एका वाक्यावरून त्याला कळतं की हिने नुसता प्रोड्यूसर-कन्झ्युमर लिहिलेला नाही, तो कुठे दगा देतो तेही पाहिलेलं आहे. इथे टूल वाक्यातच राहू द्या.

ज्या टूलला एकही रेघ लागत नाही, ते बायोतून काढा. रात्री दोनची चाळणी ते पार करत असेल तर लिंक्डइनच्या स्किल्समध्ये ठेवा. सर्चसाठी तिथे त्याचा उपयोग होऊ शकतो आणि मुख्य मजकूर मोकळा राहतो. ज्या प्रश्नाला एकही रेघ लागत नाही तो मात्र काढू नका. "नव्या दुकानदाराला सुरुवात करून देताना कागदपत्रं कुठे अडकतात ते शोधून तीन टीम्सना एका प्रक्रियेवर आणलं" यात टूल नसेलही, पण वरच्या जागेसाठी ते फार मोलाचं आहे.

जिथे टूल हेच उत्तर असतं

प्रश्न सांगा, टूल्स विसरा, असा सल्ला हल्ली सरसकट दिला जातो. तो काही क्षेत्रांत सरळ नुकसान करतो.

सॅपचं उदाहरण घ्या. सॅप ईसीसीच्या शेवटच्या आवृत्त्यांचा मुख्य मेंटेनन्स 2027 च्या अखेरीपर्यंत जाहीर झालेला आहे, आणि त्यामुळे कंपन्या एस/4हानाकडे वळत आहेत. अशा कंपनीला सल्लागार हवा असतो तो अमुक मॉड्यूलचा आणि अमुक आवृत्तीचा: एफआय की एमएम, नवी उभारणी की जुन्यावरून स्थलांतर. तिथे "व्यवसायाच्या प्रक्रिया सुलभ करतो" असं लिहिलं तर फोनच येणार नाही. मॉड्यूल, आवृत्ती, किती स्थलांतरं सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहिली, हेच आधी यायला हवं. सेल्सफोर्स, ओरॅकल डीबीए, सर्टिफिकेशनवर चालणारी क्लाउडची कामं इथेही तेच. काही महिन्यांच्या करारावर माणूस घेणाऱ्या कंपनीला तुम्हाला शिकवायला वेळ नसतो. पहिल्या सोमवारपासून काम सुरू व्हावं अशी तिची अपेक्षा असते, आणि टूलचं नाव हाच तिच्यासाठी पुरावा.

दुसरा अपवाद खोलीचा. एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात तुमचे बदल स्वीकारले गेले असतील तर तिथे टूलचं नाव हीच ओळख आहे. "पोस्टग्रेसच्या क्वेरी प्लॅनरमध्ये योगदान" या चार शब्दांनंतर वेगळा प्रश्न सांगावा लागत नाही.

टूल्सच्या यादीला एक धोका मात्र कायम असतो. ती शिळी होते, आणि किती शिळी झाली हे दिसतंही. अँग्युलरजेएसचा अधिकृत सपोर्ट 31 डिसेंबर 2021 ला संपला. आजच्या बायोत ते नाव पुढे असेल तर वाचणारा दोनच निष्कर्ष काढतो: बायो तेव्हापासून बदललेली नाही, किंवा माणूस बदललेला नाही. तुमचं काम खरोखरच जुन्या अँग्युलरजेएसवरून नव्याकडे नेण्याचं असेल तर तसं लिहा. मग तेच नाव प्रश्नाचा भाग होतं आणि जुनं वाटत नाही.

लिहिणं

लिंक्डइनच्या हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात. ती सगळी भरायची सक्ती नाही. सर्चमध्ये आणि मोबाइलवर ओळ मध्येच तुटते, म्हणून महत्त्वाचं डावीकडे ठेवा. हेडलाइन शब्द शोधणारा आणि माणूस शोधणारा दोघेही पाहतात, तेव्हा इथे मिश्रण करायचं: आधी क्षेत्र, मग रात्री दोनची चाळणी पार केलेली तीन-चार नावं.

```
Backend Engineer, Payments & Reconciliation | Java, Spring Boot, Kafka, PostgreSQL
```

तेराची चार झाली, पण रिक्रूटरच्या सर्चमधला एकही महत्त्वाचा शब्द गेला नाही. उलट "पेमेंट्स" आणि "रिकन्सिलिएशन" हे दोन शब्द आले, आणि तिला हवी असलेली जागा तर याच शब्दांनी शोधली जाते. क्षेत्राचं नाव हाही सर्चचा शब्द असतो, हे टूल्सच्या नादात सुटून जातं.

अबाउटमध्ये 2,600 अक्षरं असली तरी पहिल्या दोन-तीन ओळींनंतर मजकूर मिटलेला असतो. त्या ओळी प्रश्नाला द्या. ती इंग्रजीत लिहील, पण आशय असा:

"दुकानदाराने घेतलेले पैसे त्याच्या खात्यात बरोबर आणि एकदाच जमा व्हावेत, यासाठी लागणारी बॅकएंड व्यवस्था मी बांधते. गेटवेकडून एकच सूचना दोनदा आल्यामुळे होणारी दुहेरी नोंद मी बंद केली. बँकेच्या सेटलमेंट फाइलचा ताळमेळ आता आपोआप होतो. लेखा विभाग फक्त न जुळणाऱ्या नोंदी पाहतो. यासाठी काफ्कामध्ये ऑर्डरनुसार पार्टिशन करून घटनांचा क्रम राखला. पडताळणीचे नियम लेखा विभागासोबत बसून ठरवले. रचना आणि कोड माझा, चाचण्या टीमच्या."

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. प्रश्न सांगणाऱ्या बायोवर मुलाखतीत हमखास पहिला घाव पडतो तो "यात तुम्ही नेमकं काय केलंत?" या प्रश्नाचा. उत्तर बायोतच असलं की संभाषण तिथून पुढे सरकतं. आकड्यांचंही तसंच. "ताळमेळाचा वेळ 80 टक्क्यांनी कमी" असं लिहिलंत तर आधी किती होता, कसा मोजला, कुणी मोजला, हे सांगता आलं पाहिजे. मोजलेलंच नसेल तर आकडा नको; "पूर्वी सगळी फाइल, आता फक्त न जुळणाऱ्या ओळी" हे आकड्याशिवायही चित्र उभं करतं. व्यवहारांची संख्या, बँकेचं नाव, झालेलं नुकसान या गोष्टी कंपनीच्या गोपनीयतेच्या करारात येतात, त्या बाहेर काढू नका.

गिटहबच्या बायोला 160 अक्षरं आहेत. तिथे भाषांची नावं लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं, कारण प्रत्येक रिपॉझिटरीवर भाषा दिसतच असते. "पैशांच्या व्यवहारात दोनदा होऊ नये ते दोनदा होऊ न देणं" अशा अर्थाची एक ओळ पुरेशी आहे.

मीटअपचा परिचय सूत्रसंचालक मोठ्याने वाचून दाखवतो. त्यात तेरा टूल्स असतील तर तो अडखळेल आणि लोक फोन काढतील. तिथे दोनच वाक्यं: कुठल्या प्रकारचं काम करते, आणि आजच्या विषयाशी जोडलेला एक प्रश्न. भाषण काफ्कावर असेल तर काफ्काचं नाव, बाकी काही नाही.

नुकत्याच पास झालेल्यांचा प्रश्न वेगळा असतो, कारण सांगण्यासारखे प्रश्न फारसे नसतात. त्यांच्यासाठी टूल्सची छोटी यादी चालते, पण कॉलेज प्रोजेक्टचं नुसतं नाव न देता तो काय करतो ते एका ओळीत द्या. "लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम" हजारोंच्या बायोत असते. "कॉलेजच्या लायब्ररीत मुदत संपलेली पुस्तकं दाखवते, लायब्ररीत एक सत्र वापरली" असं खरोखर झालेलं असेल तर ते लगेच वेगळं दिसतं.

बरोबर बसली का, हे कसं कळतं

बायो बदलल्यावर चार-सहा आठवडे येणारे निरोप आणि पहिल्या फोनवरचे पहिले प्रश्न एका फाइलमध्ये टिपून ठेवा. त्यावरून तराजू कुठे झुकला ते कळतं.

निरोप बरेच येतात पण भलतेच येतात, उदाहरणार्थ कुबरनेटीसच्या देखभालीच्या किंवा नुसत्या मोंगोडीबीच्या जागा, तर न पेलणारी टूल्स अजून कुठेतरी दिसत आहेत. हेडलाइनमधून काढली तरी जुन्या नोकरीच्या वर्णनात किंवा नोकरीच्या पोर्टलवरच्या जुन्या रेझ्युमेत ती राहून जातात. तिथे जाऊन साफ करा.

निरोपच आटले, तर तुम्ही प्रश्नांकडे जास्त झुकलात. तुम्हाला हव्या असलेल्या पाच-सहा जॉब डिस्क्रिप्शन उघडा, त्यांत पुन्हा पुन्हा येणारी टूल्सची नावं लिहून काढा, आणि त्यांपैकी जी चाळणी पार करतात ती तुमच्या मजकुरात तशाच स्पेलिंगने आहेत का ते बघा. बहुधा एखादं हमखास येणारं नाव, उदाहरणार्थ `Spring Boot`, सुंदर वाक्याच्या हौसेपायी गळलेलं असतं.

निरोप योग्य येतात पण पहिल्या फोनवर "म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?" असंच विचारलं जातं, तर प्रश्न फार धूसर लिहिलाय. "पेमेंटची विश्वासार्हता वाढवली" हे धूसर आहे. कुणाच्या खात्यात काय चुकत होतं ते लिहा. याउलट पहिलाच प्रश्न "काफ्कामध्ये की बदलली असती तर काय झालं असतं?" असा आला, तर मजकुराला हात लावू नका आणि उत्तराची तयारी ठेवा: पार्टिशनची संख्या वाढवली की तीच की दुसऱ्या पार्टिशनमध्ये जाऊ शकते, आणि तेव्हा जुन्या-नव्या घटनांचा क्रम कसा सांभाळला, हा त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न आहे.